आकडा तोच, पण काढता येणारी रक्कम वेगळी

"दोन्ही ऑनलाइन कॅसिनो साइटवर १०० भरले, १०० बोनस मिळाला, आता दोन्हीकडे २९० दिसतात. एक १९० काढू देते, दुसरी १००च. ही फसवणूक नाही का?"

या प्रश्नावर दोघांनी फसवणूकच म्हटलंय, मला तसं वाटत नाही. फरक पैसे कोणत्या खिशातून आधी जातात त्याचा आहे. समजा १०-१० च्या सहा बेट हरलात आणि सातवीत १६० मिळाले. पहिल्या साइटवर बेट आधी रोख रकमेतून जाते: १०० चे ३० उरले, जिंकलेले १६० रोखीतच आले. बोनस रद्द केला की १९० तुमचे. दुसरीकडे बेट आधी बोनसमधून जाते, त्यामुळे तेच १९० बोनसच्या खिशात अडकले आणि मूळ १०० तसेच राहिले. बोनसच्या तीसपट बेटिंगची अट असेल तर एकूण ३००० ची बेट लावल्यावरच ते सुटणार. ९६ टक्के परतावा देणाऱ्या स्लॉटवर त्यात सरासरी १२० जातात, म्हणजे त्या १९० ची खरी किंमत साधारण ७०. (तेही मधेच शून्यावर आला नाहीत तर!)

मी नियम वाचून झाल्यावरही सर्वात छोटी एक बेट लावून कोणता आकडा कमी होतो ते बघतो. रोखीत ४ उरले असताना १० ची बेट लावली तर मात्र जपून. काही ठिकाणी जिंकलेली रक्कम ४:६ अशी विभागतात, काही ठिकाणी सगळी बोनसमध्ये टाकतात.