तारीख बरोबर, कारण चुकलेलं

“तारखा आणि नावं बरोबर असतील तर पूर्ण गुण द्यायला काय हरकत आहे?”

हरकत आहे. 1857 च्या कारणांचं ठरावीक उत्तर बघा: ‘डलहौसीने दत्तक वारस नामंजूर करून सातारा, झाशी, अवध खालसा केले.’ नावं बरोबर, पण 1856 मध्ये अवध घेतलं ते गैरकारभाराच्या सबबीवर. नवाब वाजिद अली शाह हयात होता, वारसाचा प्रश्नच नव्हता. मी इथे गुण कापते. मीरतच्या उठावाला 10 ऐवजी 11 मे लिहिणाऱ्याला त्यामानाने सोडते. शिपाई दिल्लीत पोचले ती तारीख त्याने उचललेली असते.

आणि नुसत्या काडतुसांवर थांबणाऱ्या उत्तराखाली लाल पेनाने विचारते, मग मद्रासची फौज शांत का राहिली? बंगाल फौजेत अवधचे शिपाई भरपूर होते, हे ज्याने लिहिलं त्याचं उत्तर खरं तोललेलं.