मदत हवी आहे: ट्रान्सक्रिप्टमधल्या वेळा अंतिम एपिसोडशी जुळत नाहीत

नमस्कार मंडळी. पॉडकास्टच्या एका मुलाखतीच्या शो नोट्स करतेय. ट्रान्सक्रिप्ट मूळ रेकॉर्डिंगवरून काढली होती. एडिटिंगमध्ये सुरुवातीला ४० सेकंदांचं संगीत आलं आणि १८ व्या मिनिटाजवळचा ३ मिनिटं १० सेकंदांचा भाग गेला. त्यामुळे ट्रान्सक्रिप्टमध्ये 25:00 ला असलेला विषय आता 22:30 ला येतो. एवढं हिशेबाने जमलं, पण पुढे बारीकसारीक कट बरेच आहेत आणि शेवटी फरक किती होतो तेच कळत नाही. अंतिम ऑडिओवरून ट्रान्सक्रिप्ट पुन्हा काढणं हाच सरळ मार्ग आहे का? बोलणाऱ्यांची नावं हाताने दुरुस्त केली आहेत, ती पुन्हा करायला जीवावर येतं.

दुसरी अडचण मथळ्यांची. पाहुण्या एका विषयावर 12:00 ला बोलतात, मग 34:00 ला पुन्हा तिथेच येतात, पण नवी माहिती देतात. मी दोन वेगळे मथळे द्यावेत असं मला वाटतं, कारण ऐकणाऱ्याला त्या जागी थेट जाता आलं पाहिजे. आणि वेळ कुठली धरता? माझ्या प्रश्नाची, की उत्तराची? उत्तराची धरली तर संदर्भच तुटतो.