मदत हवी आहे : बंद बेडरूमसाठी हीट रिकव्हरी व्हेंटिलेशन की साधा फ्रेश एअर फॅन?

ठाण्यातील आमच्या बेडरूमला दुहेरी काचेच्या घट्ट खिडक्या आहेत आणि स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, त्यामुळे दोघे झोपल्यावर पहाटेपर्यंत कार्बन डायऑक्साइड 2,000 पीपीएमच्या वर जातो. मीटर उशीपासून दूर ठेवूनही आकडा तोच येतो. दार उघडे ठेवल्यास तो उतरतो, पण एसी अखंड चालतो. खिडकी किलकिली केल्यास रस्त्याचा आवाज आणि धूळ येते.

माझ्या हिशेबाने ताशी 60 घनमीटर ताजी हवा मिळाली, तर पातळी 900 च्या आत राहील. मात्र पावसाळ्यात बाहेर 28 अंश व 85 टक्के आर्द्रता असताना तेवढ्या हवेबरोबर ताशी अर्ध्या लिटरहून अधिक जादा पाणी आत येईल. खरा भार उष्णतेचा नसून दमटपणाचा असल्याने हीट रिकव्हरी यंत्रातला, बाहेर जाणाऱ्या गार हवेने आत येणारी हवा थंड करणारा, पण फक्त उष्णता वाचवणारा ॲल्युमिनियमचा कोअर येथे निरुपयोगी वाटतो. बाष्पही अडवणारा एन्थाल्पी कोअरच विचारात घ्यावा लागेल.

सोसायटीने बाहेरच्या भिंतीत चार इंचांच्या एकाच छिद्राला परवानगी दिली आहे. अशा स्थितीत एकाच छिद्रातून आत-बाहेर हवा नेणारे एन्थाल्पी यंत्र पावसाळ्यात कोणी प्रत्यक्ष वापरले आहे का, की फिल्टर लावलेला साधा पंखा बसवून, दाराखाली फट ठेवून, उरलेला दमटपणा एसीवर सोपवणेच योग्य ठरेल?