घुबड मंडळी, अवघड अभ्यासाचा रिमाइंडर किती वाजताचा लावता? (सीए फायनल, आर्टिकलशिप चालू)

रातकिडा_पुणे

सीए फायनलच्या पहिल्या ग्रुपची तयारी करतेय, सोबत आर्टिकलशिप. ऑफिस साडेदहा ते सात, शनिवार-रविवार सुटी. फोनमध्ये तीन रिमाइंडर आहेत: पहाटे ५ ला एफआर, दुपारी डबा खाल्ल्यावर ऑडिटचं वाचन, रात्री ९ ला एएफएमची गणितं.

पहाटेचा रिमाइंडर बहुतेक वेळा पुढे ढकलला जातो. उठलेच तर स्टँडर्डचा एकच परिच्छेद परत परत वाचत बसते, आणि त्यावरचा प्रश्न सोडवायला घेतला की कोरी. दुपारी ऑडिट वाचताना डुलक्या. रात्रीचं काम सुरू व्हायला उशीर होतो, पण एकदा सुरू झालं की एक कधी वाजतो कळत नाही.

झोप अशी: ऑफिसच्या दिवशी साधारण दीड ते सव्वासात. सुटीला गजर नसेल तर दोनला झोपून थेट साडेदहाला जाग. आईचं म्हणणं, पहाटे केलेलं पाठ होतं, रात्रीचं वाहून जातं. मला भांडण नकोय, रिमाइंडरची वेळ हवीय. पेपर दुपारी २ ते ५ असतात, तेही धरून सांगा.

भूपाळी४६

ताई, मीपण कॉलेजात पक्का घुबड होतो. आता साडेचारला आपोआप जाग येते, गजरसुद्धा लावत नाही. सगळा सवयीचा खेळ आहे. पाचचा रिमाइंडर काढू नका. एकवीस दिवस नेटानं उठा, बावीसाव्या दिवशी शरीर ऐकतं. उठल्याउठल्या गच्चीत जाऊन उजेड डोळ्यांवर घ्या, त्याचा फार उपयोग होतो.

चार्जिंगवर_आहे

रिमाइंडर वाजतोय ना पण नक्की? बऱ्याच फोनमध्ये बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमुळे रिमाइंडर उशिरा येतात. शिवाय ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू असेल तर साधा रिमाइंडर आवाज न करता येऊन पडतो, गजर मात्र सहसा वाजतो. पहाटेसाठी रिमाइंडर नको, गजरच लावा.

रातकिडा_पुणे

@चार्जिंगवर_आहे वाजतो हो. शेजारच्या खोलीत बाबा उठतात, मी सोडून.

तार_आणि_उशी

मी एका स्लीप लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. रात्रभर लोकांच्या डोक्याला तारा लावून त्यांची झोप बघणं हा माझा धंदा. रातकिडाताई, तुम्ही आकडे दिलेत ते बरं केलंत, त्यातच उत्तर आहे.

सुटीच्या दिवशी बिनगजराची झोप दोन ते साडेदहा, म्हणजे तिचा मध्य सव्वासहा. म्युनिकच्या टिल रोएनेबर्ग यांच्या प्रश्नावलीत हाच मध्य धरून माणूस किती लवकरचा किंवा उशिराचा ते ठरवतात. पण सुटीला तुम्ही आठवड्याची थकबाकीही भरून काढता, म्हणून थोडी वजाबाकी करायची. पाच दिवस पावणेसहा तास आणि दोन दिवस साडेआठ, म्हणजे आठवड्याची सरासरी साडेसहाच्या आसपास. सुटीची झोप तिच्यापेक्षा दोन तास जास्त. त्याच्या निम्मे, म्हणजे एक तास मागे या. सव्वापाच.

म्हणजे तुमच्या शरीराची मध्यरात्र पहाटे सव्वापाचला होते आणि एफआरचा रिमाइंडर पाचचा आहे. अकरा ते सात झोपणाऱ्या माणसाला तीन वाजता उठवून कन्सॉलिडेशन करायला बसवलं तर त्याचं जे होईल तेच तुमचं होतंय. त्या वेळी शरीराचं तापमान रात्रभरातल्या नीचांकाच्या आसपास असतं. अर्धवट झोपेतून उठल्यावरची गुंगी एरवी अर्ध्या तासात उतरते, या वेळी ती बराच जास्त वेळ टिकते. त्यात आळसाचा संबंध नाही.

@भूपाळी४६ उजेडाचं तुमचं अगदी बरोबर आहे, घड्याळ मागे आणायला त्याच्यासारखं साधन नाही. पण वेळ चुकीची. शरीराची रात्र संपायच्या आधी पडलेला उजेड घड्याळ उलट पुढे ढकलू शकतो. यांनी पाचला उठून दिव्याखाली बसण्यापेक्षा सव्वासातला उठून लगेच बाल्कनीत जावं. आणि तुमचं स्वतःचं घड्याळ बदललं त्यात वयाचाही हात आहे. माणूस विशीच्या आसपास सगळ्यात उशिराचा असतो, नंतर हळूहळू लवकरचा होत जातो. एकवीस दिवसांचं श्रेय काही अंशी वीस-पंचवीस वर्षांना द्या.

आता वेळा. तुमच्यासारख्या माणसाचं डोकं दुपारी थोडं बसतं आणि संध्याकाळी चढतं. नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास तर तरतरी खूपच असते. पण एक सावधगिरी: ही रात्रीची तरतरी पहाटे उठणाऱ्यालाही त्याच्या झोपेआधी येते. त्यामुळे ‘रात्री बाराला मला फार सुचतं’ एवढ्यावरून कोणी स्वतःला घुबड म्हणवून घेऊ नये. रात्री घर शांत असतं, फोन येत नाहीत, हेही कारण असू शकतं. तुमच्या बाबतीत सुटीची झोप साक्ष देते म्हणून मी मानतोय.

घरी किती वाजता पोचता आणि नऊचं काम खरं किती वाजता सुरू होतं?

रातकिडा_पुणे

पावणेआठला घरी. जेवण, भांडी, थोडा फोन. नऊचं काम पावणेदहाला सुरू होतं असं धरा.

तार_आणि_उशी

मग तुमचा सगळ्यात चांगला काळ जेवणात आणि फोनवर जातोय, आणि अवघड गणितं सरकून झोपेच्या तासांत शिरतायत. दीडला झोप लागण्याचं ते एक कारण.

मी असं करीन. घरी आल्यावर थोडं काही खाऊन सव्वाआठला बसायचं, रिमाइंडर आठ वाजून दहा मिनिटांचा. पहिलं काम एफआर किंवा एएफएममधलं सगळ्यात जड गणित, लिहून. रिमाइंडरमध्ये ‘अभ्यास’ एवढंच नको, आदल्या रात्रीच ठरवलेल्या प्रश्नाचा क्रमांक टाका. साडेनऊला जेवण. नंतरच्या तासाभरात ऑडिट, कारण ते वाचन आहे आणि थकल्यावर अर्धवट का होईना, जमतं. पावणेबाराला शेवटचा रिमाइंडर: पुस्तक बंद, दिवे मंद. हा रिमाइंडर बाकीच्यांपेक्षा महत्त्वाचा आहे. पावणेसहा तास झोपून कुठलीच वेळ चांगली ठरत नाही.

सकाळी रिमाइंडरच नको. उठल्यावर पाऊण तास गेला की कालच्या गणितातल्या पायऱ्या न बघता कागदावर उतरवा, दहा मिनिटं. डब्यानंतर वाचन बंद. त्या वेळी चार एमसीक्यू सोडवा, कारण काहीतरी करायचं असलं की डुलकी कमी येते.

वेळ बरोबर आहे का, हे ‘पुढे ढकला’ बटण सांगतं. दोन आठवडे एवढंच टिपा: रिमाइंडर आला तेव्हा पंधरा मिनिटांत सुरू केलं की ढकललं. ठरावीक वेळेचाच ढकलला जात असेल तर वेळ चुकली. सगळ्याच वेळचे ढकलले जात असतील तर वेळेला दोष देऊ नका, काम फार मोठं किंवा धूसर लिहिलंय.

नाइट_ड्यूटीवाली

मी नर्स आहे, आयसीयू. आमची ड्यूटी दर आठवड्याला बदलते आणि मी एमएस्सीच्या प्रवेशाचा अभ्यास करतेय. सुटीच्या झोपेचा मध्य वगैरे मी काढू तरी कसा? माझी सुटी आदल्या नाइटवर अवलंबून. मी घड्याळाची वेळ लावणं सोडून दिलं, रिमाइंडर ‘उठल्यावर तीन तासांनी’ असा धरते आणि रोज हातानं बदलते. कंटाळवाणं आहे.

तार_आणि_उशी

@नाइट_ड्यूटीवाली फिरत्या ड्यूटीत ही पद्धत चालत नाही, कबूल. उठण्यापासून मोजणं त्यातल्या त्यात बरं. फक्त नाइट संपवून घरी आल्यावर लगेच अवघड काही लावू नका, आणि नाइटच्या आठवड्यात नवं प्रकरण सुरू न करता उजळणीच ठेवा. याहून ठाम मला सांगता येणार नाही.

डेबिट_काकू

मी सीए आहे, आणि माझा मुद्दा वेगळा. पेपर दोनला सुरू होतो. तुम्ही सगळे हिला रात्री आठच्या गणिताची सवय लावताय. हॉलमध्ये दुपारी दोनला डोकं कोण चालवणार? माझ्या ऑफिसातल्या मुलांना मी स्टडी लीव्ह सुरू झाली की मॉक फक्त दोन ते पाचच लिहायला लावते. रिमाइंडर सव्वाएकचा, हलकं जेवण बारा-साडेबारालाच उरकायचं, आणि पावणेदोनला पेपर हातात, कारण परीक्षेत वाचायची पंधरा मिनिटं तेव्हाच मिळतात.

आणि रातकिडा, स्टडी लीव्हमध्ये साडेदहापर्यंत लोळायचं नाही बरं का.

तार_आणि_उशी

@डेबिट_काकू मॉकच्या वेळेबद्दल शंभर टक्के सहमत. ऑफिस चालू असताना मात्र दोनला अवघड गणित करणं हिच्या हातात नाही, म्हणून आठ.

लोळण्याबद्दल थोडा मतभेद. उशिराच्या माणसाला दोनचा पेपर नऊच्या पेपरपेक्षा फायद्याचाच आहे. लिन हॅशर आणि सिंथिया मे यांच्या प्रयोगांत आपल्या सोयीच्या वेळी चाचणी दिलेल्यांना नको ते विचार बाजूला सारणं जास्त चांगलं जमलं होतं. सगळ्या प्रकारच्या कामांत हा फरक दिसत नाही, घोटून पक्की झालेली उत्तरं कुठल्याही वेळी येतात. पण लीव्हमध्ये एक ते साडेआठ झोपून ही दोनला पूर्ण जागी असेल. परीक्षेच्या दिवशी ‘उजळणीला’ म्हणून पाचला उठली तर दोन वाजेपर्यंत नऊ तास उलटलेले, झोपही अर्धी, आणि दुपारची सुस्ती नेमकी तेव्हाच येणार.

डेबिट_काकू

साडेआठ चालेल. दहा नाही. सेंटर लांब आलं आणि रस्त्यात गर्दी लागली तर काय करणार आहे ती?

भूपाळी४६

वयाचा मुद्दा घरी वाचून दाखवला. मुलगी अठराची आहे, लगेच म्हणाली उद्यापासून मला उठवू नका. धन्यवाद!

रातकिडा_पुणे

पाचचा आजच उडवला. आठ वाजून दहाचा लावलाय, त्यात आदल्या रात्री प्रश्न क्रमांक लिहून ठेवेन. पावणेबाराचा मात्र जमेल असं वाटत नाही, दीडची सवय एकदम पावणेदोन तास मागे कशी आणू? झोप येणारच नाही.

तार_आणि_उशी

एकदम आणू नका. आधी एकचा लावा, चार-पाच दिवसांनी पाऊणचा, असं पंधरा-पंधरा मिनिटांनी मागे. सकाळी सव्वासात मात्र हलवू नका, आणि शनिवार-रविवारी साडेआठच्या पुढे झोपू नका, नाहीतर सोमवारी पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी पाचनंतर ऑफिसचा चहा बंद. साडेबारापर्यंत आलात तरी पुष्कळ झालं, पावणेबारा कदाचित येणारही नाही.

रातकिडा_पुणे

पाचनंतरचा चहा बंद?? ऑडिट सीझन आहे हो. सहाला एक तरी?

डेबिट_काकू

अर्धा कप. आणि तो साडेपाचला.