मदत हवी आहे: नाशिकचा जुना फ्लॅट विकून सोनं घ्यावं का?

गंगापूररोडकर

नमस्कार. वडिलांनी २००५ मध्ये नाशिकला गुंतवणूक म्हणून वन बीएचके घेतला. स्टँप ड्यूटी आणि नोंदणी धरून ९ लाख ६० हजार पडले. तेव्हापासून तो भाड्यानेच आहे. वडील २०२१ मध्ये गेले. वारस तिघं: आई, मी आणि कॅनडात स्थायिक झालेली बहीण. आता एका गिऱ्हाइकाने ५८ लाख देऊ केलेत. महिना भाडं १३ हजार येतं, त्यातून सोसायटी, घरपट्टी आणि डागडुजी वजा जाता वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास हातात राहतात.

बहिणीचं म्हणणं, विका आणि सोनं घेऊन ठेवा. २००५ मध्ये तोळा सात हजारांच्या आसपास होता, २०२५ च्या दिवाळीत सव्वा लाखाच्या पुढे गेला. म्हणजे सोनं सतरा-अठरा पट आणि आपला फ्लॅट जेमतेम सहा पट. आईला वास्तू मोडायची नाही. पैशांची आत्ता गरज नाही, पुढच्या पिढीसाठी काय टिकेल एवढाच प्रश्न आहे. दोन्हीकडचा हिशेब कुणी नीट मांडेल का?

तोळामासा

यात विचारायचं काय? सोनंच घ्या. रात्री बारा वाजता सराफाला उठवलं तरी पैसे मिळतात. शिवाय सोनं विकलं तर टॅक्स नाही. फ्लॅटला सतरा भानगडी.

जमाखर्च

तोळामासा, सोन्यावर टॅक्स नाही हे चूक. दोन वर्षांहून जास्त ठेवलेलं सोनं विकलं तर नफ्यावर साडेबारा टक्के लागतो, महागाईची वजावट न मिळता. लोक दाखवत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

गंगापूररोडकर, बहिणीचा आकडा खरा आहे. सोन्याचा वार्षिक परतावा साडेपंधरा टक्क्यांच्या घरात जातो, फ्लॅटचा सव्वानऊ-साडेनऊ. पण त्यात भाडं धरलेलं नाही. ते धरलं की फ्लॅट अकरा-बारापर्यंत येतो. तरी सोनं पुढेच, हे मान्य.

मात्र तारखा जरा सरकवून बघा. २०१२ मध्ये सोनं ३१ हजारांच्या आसपास होतं आणि २०१८ मध्येही तिथेच होतं, मध्ये २०१५ ला २६ हजारांवर उतरलं होतं. त्याआधी १९९६ ला पाच हजारांच्या वर असलेलं सोनं २००१ ला ४,३०० वर आलं होतं. सोनं अशी पाच-सहा वर्षं गप्प बसतं, मग दोन-तीन वर्षांत सगळं भरून काढतं. तुम्ही घ्याल ते अशा मोठ्या उडीनंतर. गेल्या वीस वर्षांचा परतावा ज्याने २००५ ला घेतलं त्याचा, तुमचा नव्हे.

तुमचा खरा प्रश्न एका डब्यातून दुसऱ्या डब्यात ओतताना सांडणार किती हा आहे. २०२५-२६ च्या महागाई निर्देशांकाने ९.६० लाखांची किंमत ३०.८५ लाख होते. मालमत्ता जुलै २०२४ च्या आधीची असल्याने तुम्हाला आणि आईला निर्देशांक लावून २० टक्के किंवा न लावता साडेबारा टक्के, यातला कमी कर निवडता येतो. इथे पहिल्यात कर कमी बसतो. बहीण अनिवासी असल्याने तिला तो पर्याय नाही, तिच्या तिसऱ्या हिश्श्याला साडेबाराच. तिघांचा मिळून कर उपकरासह पावणेसहा लाखांच्या जवळपास. एक टक्का दलाली गेली की साडेएक्कावन्न उरतात. सोनं घेताना ३ टक्के जीएसटी, म्हणजे हातात सोनं येईल ते ५० लाखांचं. ५८ चे ५० झाले, तेही वेढणी किंवा बिस्किटं घेतली तर. दागिने केलेत तर मजुरी वेगळी.

आईचं बाकी उत्पन्न कमी असेल तर तिचा कर आणखी घटेल. कर वाचवायला दुसरं घर किंवा पाच वर्षांचे रोखे घेता येतात, पण मग ते पैसे सोन्यात जात नाहीत.

सराफकट्टा

आमचा पिढीजात धंदा आहे, म्हणून मोडीबद्दल लिहितो. हॉलमार्कचं वेढणं आणि बिल असेल तर त्या दिवशीच्या दराजवळ पैसे मिळतात. आजीच्या पाटल्या आणल्यात तर आधी कस बघतो, डाग आणि लाख वितळवून घट काढतो, खड्यांचं वजन वजा करतो. गिऱ्हाइकाला वाटतं फसवलं. शिवाय दहा हजारांच्या वरची खरेदी आम्ही रोखीत केली तर तो खर्च आयकरात धरत नाहीत, म्हणून पैसे बँकेतूनच येणार. अर्ध्या रात्री उठवू नका!

पण सोन्याची खरी सोय मोडण्यात नाही, गहाण ठेवण्यात आहे. दवाखान्याची वेळ आली तर तासाभरात कर्ज मिळतं आणि वस्तू नंतर सोडवून परत आणता येते. फ्लॅटवर कर्ज काढायला कागद तपासण्यातच काही आठवडे जातात.

पुणेकर_७७

मीही यातून गेलोय. कर्ज काढून वाकडला फ्लॅट घ्या, हप्त्यातला निम्मा भाड्यातून निघतो. स्वतःचे दहा लाख घालून पन्नास लाखांच्या वस्तूची वाढ मिळते, सोन्यात ते होत नाही.

जमाखर्च

पुणेकर, त्यांना घ्यायचं नाही, असलेलं विकायचं आहे.

सातबारावाली

परतावा राहू द्या, आधी कागद बघा. आमच्या सिन्नरच्या जमिनीवर सात नावं आहेत. एक चुलत दीर सही करत नाही, म्हणून दहा वर्षं ती कागदावर आहे आणि खिशात नाही. तुमच्या फ्लॅटवर वारस लागलेत का? सोसायटीत आईचं नाव नॉमिनी म्हणून लागलं असलं तरी मालकी तिघांची. बहिणीला एकतर इथे यावं लागेल, नाहीतर तिथल्या भारतीय दूतावासातून कुलमुखत्यारपत्र करून पाठवावं लागेल. आणि ती अनिवासी म्हणून तिच्या हिश्श्याच्या पूर्ण रकमेवर गिऱ्हाइकाने आधीच कर कापायचा असतो, नुसत्या नफ्यावर नव्हे. अडीच लाखांच्या आसपास अडकतील. कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आधी मिळवला तर वाचतं. हे ऐकून काही गिऱ्हाइकं पळतात.

आज तीन नावं आहेत. पुढच्या पिढीत किती होतील ते मोजा. सोनं वजन करून वाटता येतं, हॉल आणि बेडरूम वाटता येत नाहीत.

गंगापूररोडकर

सर्वांचे आभार. बहिणीला कपातीचं सांगितलं, तिला हे माहीतच नव्हतं. सोसायटीत अजून वडिलांचंच नाव आहे. सराफकट्टा, एवढं सोनं ठेवायचं कुठे? लॉकरमधून गेलं तर बँक भरून देते ना?

सराफकट्टा

वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत, आणि तेही आग, चोरी किंवा बँकेच्या माणसाने केलेली अफरातफर असेल तर. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. ५० लाखांच्या सोन्याला ते कुठे पुरणार? वेगळा विमा बघा.

जमाखर्च

एक विचारायचं राहिलं. आईचा खर्च त्या सव्वा लाखातून चालतो का? चालत असेल तर सोनं घेतल्यावर तेवढे पैसे दरवर्षी कुठून येणार ते आधी ठरवा. आणि इमारत किती मजली, जमिनीचं कन्व्हेयन्स सोसायटीच्या नावावर झालंय का? तीन मजली, विनालिफ्टची असेल तर पुढेमागे पुनर्विकास येईल, मग ५८ हा आकडाच बदलतो. कन्व्हेयन्स नसेल तर मात्र ती आशा सध्या धरू नका.

गंगापूररोडकर

तीन मजली, लिफ्ट नाही. आईला पेन्शन आहे, भाडं तिच्या खात्यात पडतं पण ती ते वापरत नाही. कन्व्हेयन्सचं सेक्रेटरींना विचारलं, ते म्हणाले बिल्डरने केलं असावं. 'असावं' म्हणजे काय ते सोमवारी दुय्यम निबंधकांकडे जाऊन बघतो. गिऱ्हाइकाला महिनाभर थांबायला सांगितलंय. बहीण अजून सोन्यावरच अडून आहे.