पत्र्याच्या गाळ्यावर थर्मल ड्रोन

>"थर्मल ड्रोन वर नेला की पत्र्याखाली आग कुठे धुमसतेय ते लगेच दिसतं ना?"

लगेच नाही दिसत. थर्मल कॅमेरा पत्र्याच्या आरपार बघत नाही, त्याला फक्त वरचा पृष्ठभाग किती तापलाय ते कळतं. आपल्या रबाळे-महापे एमआयडीसीतल्या गाळ्यांवर तर नवा चकचकीत पत्रा आरशासारखा वागतो, त्यात थंड आकाशाचं प्रतिबिंब पडतं आणि तापलेला पत्राही स्क्रीनवर गार दिसतो, शेजारचा गंजलेला किंवा रंगवलेला तुकडा मात्र खरं तापमान दाखवतो, म्हणून आधी तिथे बघायचं. स्क्रीनवरचा एखादा गरम डाग संशयास्पद वाटला तर ड्रोन थोडा बाजूला सरकवायचा. डाग सोबत सरकला तर प्रतिबिंब, त्याच जागी राहिला तर खरी उष्णता.

दुपारी तर अख्खं छप्परच उन्हाने तापलेलं असतं, त्यात हॉटस्पॉट वेगळा काढणं फार अवघड. सूर्यास्तानंतर पत्रा पटकन निवतो आणि खाली गठ्ठे धुमसत असतील तर तेवढाच भाग गरम राहतो. आणि हो, पाण्याचा मारा चालू असताना काढलेल्या फोटोवर आग विझली असं अजिबात ठरवू नका, ओला पत्रा गारच दिसणार. मारा थांबवून थोड्या वेळाने पुन्हा बघा, तोच भाग परत तापायला लागला तर खाली आग आहेच.