प्रशिक्षणाच्या हॉलचा ई-मेल : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

सी-३०२ : सर्वांना नमस्कार. आमच्या चाकणच्या कारखान्यातील ४२ पर्यवेक्षकांसाठी सोमवार २४ आणि मंगळवार २५ ऑगस्ट २०२६ रोजी पुण्यातील एका हॉटेलच्या हॉलमध्ये प्रशिक्षण ठरले आहे. फोनवर सगळे बोलून झाले असून तेथील व्यवस्थापकांनी "मेल टाका, म्हणजे पक्के करतो" असे सांगितले आहे. मी मसुद्यात "ठरल्याप्रमाणे हॉल, बैठक, चहा-जेवण आणि प्रोजेक्टरची व्यवस्था करावी" असे लिहिले आहे. अकराव्या मजल्यावरच्या काकांनी अनेक वर्षे हॉटेलांत बँक्वेट विभाग सांभाळला आहे, म्हणून विचारते, एवढे पुरेल का?

ए-११०१ : ताई, एवढे पुरणार नाही. आपण ज्यांच्याशी बोललात ते बहुधा विक्री विभागातील असतील आणि सोमवारी सकाळी सात वाजता हॉलमध्ये ते नसतील. आपला मेल पाहून ते एक कागद तयार करतात, ज्याला आम्ही फंक्शन प्रॉस्पेक्टस किंवा नुसते एफपी म्हणतो. त्याच्या प्रती स्वयंपाकघर, हाउसकीपिंग, इलेक्ट्रिकल, सुरक्षा आणि हिशेब विभागात जातात आणि त्या दिवशी काम करणारा प्रत्येक माणूस फक्त तोच कागद वाचतो. "ठरल्याप्रमाणे" या शब्दावरून टेबल मांडणाऱ्या मुलाला काहीच कळत नाही. म्हणून मेल असा लिहावा की त्यातील प्रत्येक परिच्छेद उचलून थेट त्या-त्या विभागाला देता येईल, आणि शेवटी एफपीची प्रत मागावी. ती वाचली की आपले काय पोहोचले आणि काय राहिले ते आधीच समजते.

आता मला हॉलची लांबी-रुंदी सांगा, आणि प्रशिक्षकांना बैठक कशी हवी आहे तेही सांगा.

सी-३०२ : हॉल ४० फूट लांब आणि ३० फूट रुंद आहे, मध्ये खांब नाहीत. माहितीपत्रकात क्षमता १०० लिहिली आहे, त्यामुळे ४२ जणांना तो ऐसपैस होईल असे वाटते. प्रशिक्षकांना गटात काम करून घ्यायचे असल्यामुळे गोल टेबले हवी आहेत.

ए-११०१ : ती १०० ची क्षमता नुसत्या खुर्च्यांच्या रांगा लावल्या तरची आहे. गोल टेबलांचे गणित वेगळे असते. पाच फूट व्यासाच्या टेबलाभोवती जेवणाच्या वेळी आठ माणसे बसतात, परंतु प्रशिक्षणात पडद्याकडची बाजू मोकळी ठेवावी लागते, नाहीतर त्या बाजूच्या लोकांची दिवसभर पडद्याकडे पाठ राहते. म्हणजे एका टेबलाला पाच माणसे, आणि ४२ जणांसाठी नऊ टेबले : सहा टेबलांवर पाच-पाच आणि तीन टेबलांवर चार-चार. खुर्च्या आणि जाण्यायेण्याची वाट धरून एका टेबलाला साधारण दहा फुटांचा चौकोन लागतो. तीन-तीन टेबलांच्या तीन ओळी केल्या की ३० फूट बाय ३० फूट जागा संपते आणि पुढे प्रशिक्षक व पडदा यांच्यासाठी दहा फूट उरतात. आपला हॉल ४२ जणांत बरोबर भरतो. चहाचे टेबल आत लावायला जागा नाही, ते बाहेरच्या मोकळ्या जागेतच लावायला सांगा. नोंदणीचे टेबलही तिथेच ठेवा.

बी-६०४ : मी स्वतः कंपन्यांमध्ये प्रशिक्षण देते, म्हणून दोन गोष्टी आग्रहाने सुचवते. पडद्याची खालची कड जमिनीपासून किमान चार फूट वर असावी, नाहीतर मागच्या ओळीला समोरच्यांची डोकीच दिसतात. पडद्यावरचे दिवे वेगळ्या बटणावर आहेत का, हेही विचारा. लोकांना वहीत लिहायचे असते, त्यामुळे सगळा हॉल अंधारात ठेवून चालत नाही. पडद्यापुरता अंधार आणि टेबलांवर उजेड अशी सोय असावी लागते. "प्रोजेक्टर समाविष्ट" एवढ्या शब्दांत लॅपटॉपचा आवाज हॉलच्या स्पीकरमधून येईल की नाही ते कळत नाही. चित्रफीत लावल्यावरच ते लक्षात येते, आणि तेव्हा सगळ्यांचा वेळ जातो.

ए-११०१ : अगदी योग्य. त्यात विजेची भर घालतो. जनरेटर सुरू व्हायला काही सेकंदच लागतात, परंतु दिव्याचा प्रोजेक्टर एकदा बंद पडला की तो थंड होऊन पुन्हा सुरू व्हायला काही मिनिटे जातात. म्हणून प्रोजेक्टर यूपीएसवर मागावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हॉल आपल्या ताब्यात कधीपासून कधीपर्यंत आहे? रविवारी रात्री तिथे दुसरा समारंभ आहे का, आणि सोमवारी संध्याकाळी आपण निघाल्यावर तो हॉल कोणाला दिला आहे का, हे दोन्ही विचारा. कंपन्यांचा कार्यक्रम सहाला संपतो आणि रात्रीचा हॉल रिकामा दिसतो, म्हणून विक्रीवाले तो दुसऱ्याला देऊ शकतात. मग आपली टेबले, भिंतींवर चिकटवलेले तक्ते, वायरी सगळे रात्री निघते आणि मंगळवारी पहाटे घाईने पुन्हा मांडले जाते.

सी-३०२ : रविवारी रात्री तिथे साखरपुडा असल्याचे ते ओघात म्हणाले होते. सोमवार रात्रीबद्दल मी विचारलेच नाही, आता विचारते. काका, जेवणाबद्दलही सांगावे. शाकाहारी बुफे ठरला आहे.

ए-११०१ : २४ तारखेचा सोमवार श्रावणातला आहे, त्यामुळे उपवास करणाऱ्यांची संख्या आधी प्रत्येकाला विचारून काढा, अंदाज करू नका. उपवासाचा एखादा पदार्थ बुफेच्या कोपऱ्यात ठेवण्यापेक्षा वेगळे टेबल आणि वेगळे डाव मागावेत, कारण तोच डाव दोन्हीकडे फिरला तर उपवासवाला माणूस ते खात नाही. सकाळच्या आणि दुपारच्या चहाबरोबर सामोसा असेल तर उपवासवाल्यांना तिथेही काहीतरी लागते, आणि नेमके तेच राहून जाते. जैन मंडळी असल्यास त्यांची संख्या निराळी द्यावी. साबुदाण्याची खिचडी बटाटा घालून केली तर ती उपवासाला चालते, पण जैनांना चालत नाही. त्यांच्यातले काहीजण चातुर्मासात पालेभाज्याही वर्ज्य करतात.

पैशाच्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा म्हणजे किमान हमीची ताटे. हमीपेक्षा कमी लोक आले तरी हमीचेच बिल होते, जास्त आले तर प्रत्यक्ष संख्येचे. आपली माणसे ४२, प्रशिक्षक दोन आणि आयोजन पाहणाऱ्या आपण दोघी, असे ४६ होतात. हमी ४२ ची द्यावी. कामगारांच्या पाळ्या पाहता दोन-चार गैरहजेऱ्या होतातच. अंतिम आकडा शुक्रवारी दुपारपर्यंत देऊ असे लिहा, म्हणजे स्वयंपाकघराला शनिवारची खरेदी करता येते. बसचालकांचे जेवण स्वतंत्र लिहायला विसरू नका.

डी-२०१ : हिशेबाच्या बाजूने एक सूचना. हॉलचे भाडे आणि जेवण बिलात वेगवेगळ्या ओळींत मागावे, कारण दोन्हींचे जीएसटीचे नियम एक नाहीत आणि जेवणावरील कराची वजावट कंपनीला सहसा मिळत नाही. हॉल पुण्यात असल्याने त्यावर केंद्राचा आणि महाराष्ट्राचा जीएसटी लागतो. आपले मुख्य कार्यालय परराज्यात असले तरी बिलासाठी महाराष्ट्रातील नोंदणीचा क्रमांक द्यावा, नाहीतर भाड्यावरील वजावट घेता येणार नाही.

सी-३०२ : सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुधारलेला मसुदा खाली देत आहे.

*विषय : २४ व २५ ऑगस्ट २०२६, प्रशिक्षण कार्यक्रम : आरक्षणाची लेखी निश्चिती*

*मा. व्यवस्थापक महोदय, सप्रेम नमस्कार.*

*दूरध्वनीवर झालेल्या बोलण्यानुसार आपल्या पहिल्या मजल्यावरील हॉलचे आरक्षण सोमवार २४ आणि मंगळवार २५ ऑगस्ट २०२६ या दोन दिवसांसाठी आम्ही निश्चित करीत आहोत. हॉल सोमवारी सकाळी ६.३० पासून मंगळवारी संध्याकाळी ७ पर्यंत सलग आमच्या ताब्यात असावा आणि सोमवारी रात्री मांडणी जशीच्या तशी राहावी, ही विनंती. रविवारच्या समारंभाची सजावट आमच्या येण्यापूर्वी उतरलेली असावी. कार्यक्रम दोन्ही दिवशी ९.१५ ते ५.४५ असा असून नोंदणी सोमवारी ८.३० ला सुरू होईल.*

*बैठक : पाच फूट व्यासाची नऊ गोल टेबले तीन-तीनच्या तीन ओळींत लावावीत. पुढच्या दोन ओळींतील प्रत्येक टेबलाला पाच आणि मागच्या ओळीतील प्रत्येक टेबलाला चार खुर्च्या असाव्यात, आणि पडद्याकडील बाजूस एकही खुर्ची नसावी. पुढे दहा फूट जागा मोकळी ठेवून तेथे प्रशिक्षकांसाठी एक लहान टेबल द्यावे. चहा आणि नोंदणीची टेबले हॉलबाहेर असावीत.*

*साहित्य : प्रोजेक्टर एचडीएमआय जोडणीसह आणि यूपीएसवर असावा, पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फूट वर असावी, आणि लॅपटॉपचा आवाज हॉलच्या स्पीकरमधून यावा. कॉलरला लावण्याचा एक आणि हातात धरण्याचे दोन बिनतारी माइक जादा बॅटऱ्यांसह द्यावेत. दोन फ्लिपचार्ट स्टँड लागतील. पडद्यावरील दिवे स्वतंत्र बंद करता येतात का, ते कळवावे. सोमवारी ७.३० वाजता सर्व साहित्य चालवून पाहण्यासाठी आपला तंत्रज्ञ हजर असावा.*

*भोजन : किमान हमी ४२ ताटे, अपेक्षित संख्या ४६. अंतिम संख्या शुक्रवार २१ ऑगस्ट रोजी दुपारी १२ पर्यंत कळवू. सोमवारी ११ जणांचा उपवास आहे. त्यांच्यासाठी दुपारच्या जेवणात आणि दोन्ही चहांबरोबर उपवासाचे पदार्थ वेगळ्या टेबलावर, वेगळ्या डावांसह ठेवावेत. चार जण जैन आहेत, त्यांच्यासाठी दोन्ही दिवशी कांदा, लसूण आणि कंदमुळे वर्ज्य असलेले पदार्थ नावाची पाटी लावून ठेवावेत. चहा ११ आणि ३.३० वाजता, जेवण १ वाजता. दोन बसचालकांचे जेवण स्वतंत्र द्यावे.*

*बिलात हॉलचे भाडे आणि भोजन स्वतंत्र ओळींत दाखवावे. कंपनीचे नाव, पत्ता आणि महाराष्ट्रातील जीएसटी क्रमांक सोबत जोडला आहे. आगाऊ रकमेची पावती आणि कार्यक्रम रद्द झाल्यास किंवा पुढे ढकलल्यास लागू होणाऱ्या अटी कळवाव्यात. यापैकी जे शक्य नसेल ते बुधवारपर्यंत सांगावे आणि फंक्शन प्रॉस्पेक्टसची प्रत आम्हाला पाठवावी.*

*आपली विश्वासू*

ए-११०१ : मेल उत्तम झाला आहे. शेवटच्या परिच्छेदाच्या वर त्या दिवशी हॉलवर हजर असणाऱ्या बँक्वेट कॅप्टनचे नाव आणि मोबाइल क्रमांक मागणारे एक वाक्य घाला. तक्रार असो वा जादा खुर्ची, त्या वेळी उपयोगी पडतो तो तोच माणूस.

सी-३०२ : ते वाक्य घालून मेल पाठवला आणि आज उत्तर आले. बाकी सर्व मान्य आहे, परंतु सोमवारी रात्री हॉल एका वाढदिवसासाठी तोंडी दिलेला आहे. मंगळवारी सकाळी आठपर्यंत आमची मांडणी परत करून देऊ, असे त्यांनी कळवले आहे.

ए-११०१ : त्यांचा शब्द तोंडी आहे आणि आपला मेल लेखी, शिवाय आपण दोन दिवसांचे भाडे देत आहात. वाढदिवस खालच्या हॉलमध्ये घेता येईल का, असे विचारा. ते जमत नसेल तर मंगळवारी आठऐवजी सात वाजेपर्यंत मांडणी पूर्ण, प्रोजेक्टर जागेवरून न हलवणे आणि सोमवार रात्रीच्या वेळेपोटी भाड्यात सवलत, या तीन गोष्टी लेखी मागा.

सी-३०२ : काका, त्यांनी वाढदिवस खालच्या हॉलमध्ये हलवला. एफपीची प्रतही आली आहे. तिच्यात उपवासाचे पदार्थ फक्त जेवणापुरते लिहिलेले आढळले, म्हणून दोन्ही चहांची दुरुस्ती आत्ताच मेलने कळवली आहे.